सुतकांतील सोयरीक

घरांत मृत्यु आणि दारांत सोयरीक अशी गांठ पडली म्हणजे काय करावें, हा प्रश्न आपल्या पणज्या-आजांच्या पिढ्यांना वारंवार पडत असे. कुटुंबें मोठीं, माणसें पुष्कळ आणि लग्नाचीं वयें लहान. त्यामुळें एका खोलींत मुलाची पत्रिका पाहणें चाललें आहे आणि दुसऱ्या खोलींत म्हाताऱ्या आजीच्या तोंडांत गंगाजल घातलें जात आहे, ही कांहीं दुर्मिळ गोष्ट नव्हती. लग्न ठरून गेल्यावर असा प्रसंग आला तर काय करावें, याचा विचार धर्मशास्त्रानें बारकाईनें केलेला आहे. परंतु लग्न अजून ठरलेलें नाहीं, दोन्ही घरच्या वडीलमाणसांची बैठक तेवढी ठरली आहे, आणि अशा वेळीं एका घरीं मृत्यु झाला, तर ती बैठक पुढें कशी ढकलावी? येथें ग्रंथ जवळजवळ मुके आहेत. हें काम लोकांनीं आपल्या रीतीनें केलें, आणि तें मुख्यतः पत्रांतून केलें. त्या रीतीचा थोडा इतिहास पाहावा, असा या लेखाचा हेतु आहे. निर्णयसिंधु आणि धर्मसिंधु यांचा आधार मानणाऱ्या महाराष्ट्रीय पांढरपेशा घरांपुरतेंच हें विवेचन समजावें. इतर समाजांचे दिवस आणि रिवाज निराळे होते.

प्रथम शास्त्र काय म्हणतें तें पाहूं. पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यांतील कमलाकरभट्टानें १६१२ सालीं निर्णयसिंधु लिहिला, आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनीं १७९० च्या सुमारास धर्मसिंधु रचला. महाराष्ट्रांतील भिक्षुकाच्या बासनांत हा दुसरा ग्रंथ बहुधा असेच. या दोन्ही ग्रंथांत विवाहप्रकरणीं ‘प्रतिकूल’ नांवाचा एक विचार आहे. वधूवरांचा वाङ्‌निश्चय झाल्यानंतर त्यांच्यापैकीं कोणाच्या घरीं जवळच्या माणसाचा मृत्यु झाला, तर तो त्या विवाहास प्रतिकूल समजावा. जवळचीं माणसें म्हणजे आईबाप, आजाआजी, चुलता, भाऊ, अविवाहित बहीण अशीं. असें झाल्यास किती दिवस थांबावें, हेंही सांगितलें आहे: बापासाठीं वर्ष, आईसाठीं त्याच्या निम्में, भावासाठीं दीड महिना, इतर सपिंडांसाठीं एक महिना, आणि ती मुदत संपल्यावर शांति करून मग लग्न लावावें.

हा नियम वाचतांना दोन गोष्टी सुटतां कामा नयेत. पहिली ही, कीं शास्त्रकारांनीं त्याला पळवाटाही ठेवल्या आहेत. दुष्काळ पडला असेल, राज्य मोडलें असेल, आईबापांच्या जीवाचा भरंवसा नसेल, किंवा मुलगी मोठी झाली असेल, तर अनुकूल काळाची वाट पाहूं नये, असें तेच ग्रंथ सांगतात. शिवाय नांदीश्राद्ध एकदां झालें म्हणजे विवाहकर्माला आरंभ झाला, आणि आरंभलेल्या कर्माला सुतक बाधत नाहीं. हें नांदीश्राद्ध लग्नापूर्वीं दहा दिवसांच्या आंत करतां येतें. म्हणून ज्यांच्या घरीं कोणी अत्यवस्थ असे ते लोक नांदीश्राद्ध लौकर उरकून घेत. दुसरी गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाची आहे. प्रतिकूलाचा हा सगळा विचार वाङ्‌निश्चयाच्या अलीकडे लागूच होत नाहीं. निश्चय झालेला नसेल तर प्रतिकूल व्हावयाला विवाहच अस्तित्वांत नसतो. तेव्हां केवळ बोलणीं व्हावयाचीं असतील, तर मृत्युघरावर शास्त्राचें बंधन एवढेंच, कीं दहा दिवस अशौच पाळावें, अकराव्या दिवशीं शुद्ध व्हावें, बाराव्याला सपिंडी करावी, आणि तेराव्या-चौदाव्यापासून व्यवहाराला लागावें. त्यापुढें जें थांबणें होतें तें रीत म्हणून, माणुसकी म्हणून; शास्त्र म्हणून नव्हे.

ही रेषा नीट ध्यानांत ठेवली पाहिजे, कारण तिच्यावर एका मुलीचें नांव अवलंबून असे. स्थळ सांगून आलें, पत्रिका घरांत आली, आणि आठ दिवसांत सासऱ्याच्या घरांतलें माणूस गेलें, कीं ‘पायगुण’ हा शब्द कोणाच्या तरी तोंडून निघावयाचाच. मुलीनें त्या घरांत पाऊलसुद्धां ठेवलेलें नसे. पण तिच्या पत्रिकेनें ठेवलें होतें! अशा बोलण्याचा परिणाम त्या एका स्थळापुरता राहत नसे. गांवांत बातमी फिरे, आणि दुसऱ्या स्थळाचीं माणसें ती ऐकून येत. वास्तविक शास्त्राप्रमाणें निश्चयापूर्वीं अपशकुन मानण्यास जागाच नाहीं. परंतु हें सांगणार कोण? सांगण्याचा अधिकार मृत्युघराच्या कर्त्या पुरुषाचा. त्यानें बैठक पुढें ढकलतांना पत्रांत कोणते शब्द घातले, यावर पायगुणाची गोष्ट वाढते कीं मरते हें ठरत असे. सभ्यपणानें पुढें ढकलणें ही केवळ शिष्टाचाराची बाब नव्हती, असें मी म्हणतों तें यासाठीं.

पत्राची ही रीत टपालाबरोबर पक्की झाली. पूर्वीं बातमी माणसाबरोबर जाई. मध्यस्थ किंवा कुळांतला भिक्षुक दोन्ही घरीं जाऊन काय बोलावयाचें तें बोले. १८५४ सालीं अर्ध्या आण्यांत देशभर पत्र जाऊं लागलें, आणि १८७९ पासून पाव आण्याचें कार्ड निघालें. त्यामुळें मृत्युवार्ता चारआठ दिवसांतच नातेवाइकांच्या हातीं पडूं लागली, आणि याचा एक गमतीचा परिणाम सुतकावर झाला. मृत्यूची बातमी दहा दिवसांच्या आंत कळली तर उरलेले दिवस सुतक. त्यानंतर पण तीन महिन्यांच्या आंत कळली तर तीन दिवस. आणि फार उशिरा कळली तर नुसत्या स्नानानें शुद्धि, अशी सामान्य सपिंडांची व्यवस्था आहे. (आईबापांची गोष्ट वेगळी, त्यांचें सुतक केव्हांही कळलें तरी दहा दिवसांचें.) बातमी जों जों लौकर, तों तों सुतक जास्त, टपालानें लोकांचें सुतक वाढविलें, असें म्हणावयास हरकत नाहीं! अशुभ वर्तमानाच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे, म्हणजे घेणाऱ्यानें तें हातांत घेतांच ओळखावें. तें वाचून लगेच फाडून टाकीत, घरांत ठेवीत नसत. अशा पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ लिहीत नसत.

पण सोयरिकीच्या पत्राला एक मोठी अडचण होती. सुतकांतल्या माणसानें नमस्कार करूं नये आणि आशीर्वादही देऊं नये. आपल्या जुन्या पत्राचा तर आरंभच नमस्कारानें व्हावयाचा! व्याही होऊं घातलेल्या गृहस्थाला ‘कृ. सा. न. वि. वि.’ म्हणजे कृतानेक साष्टांग नमस्कार न लिहितां पत्र धाडणें म्हणजे अपमान, आणि सुतकांत तो लिहिणें म्हणजे अनाचार. शिवाय सोयरिकीचें बोलणें हें मंगल बोलणें. त्याच कागदावर मृत्यूची वार्ता कशी घालावी? यांतून लोकांनीं जी वाट काढली ती मला फार शहाणपणाची वाटते. एका पत्राचें काम त्यांनीं दोन पत्रांत वांटलें. पहिलें पत्र सुतकांत, पण सुतक नसलेल्या माणसाच्या हातचें; दुसरें सुतक फिटल्यावर, घरच्या कर्त्याच्या हातचें.

हें नीट कळावें म्हणून एक उदाहरण घेऊं. उदाहरण कल्पित आहे, पण १९३५ च्या सुमारच्या कोणत्याही मध्यमवर्गीय घरांत घडलें असतें असें आहे. मुलाचें घर पुण्यास, मुलीचें साताऱ्यास. टिपणें जुळलीं आहेत. मुलाचे वडील, चुलते आणि मामा यांनीं चैत्र शुद्ध पंचमीस साताऱ्यास जाऊन मुलगी पाहावी आणि बोलणीं करावीं, असें ठरलें आहे. इतक्यांत फाल्गुन वद्य पंचमीस मुलाची आजी, म्हणजे वडिलांची आई, वारली.

आतां दिवस मोजूं. तिथीचा क्षय-वृद्धि सोडून दिला तर दहावा दिवस वद्य चतुर्दशीस येतो, अकरावा अमावास्येस, आणि बारावा, सपिंडीचा, नेमका वर्षप्रतिपदेस. शेजारच्या घरांवर गुढ्या उभ्या आहेत आणि या घरांत पिंड चालले आहेत. तेरावा शुद्ध द्वितीयेस, गोड जेवणाचा चौदावा तृतीयेस. ठरलेली बैठक त्यानंतर दोनच दिवसांनीं! नुसतें शास्त्र पाहिलें तर पंचमीस जाण्यास कोणतीच हरकत नाहीं. परंतु ज्याची आई जाऊन पंधरवडा झाला नाहीं, तो मनुष्य परक्याच्या घरीं जाऊन पानसुपारी घेत बसला आहे आणि देण्याघेण्याची याद करतो आहे, हें दृश्य आपल्या लोकांना सहन होत नसे. सहन होत नसे हें बरेंच होतें.

तेव्हां बैठक ढकलावयाची, आणि मुलीच्या घरीं तें वेळेवर कळलें पाहिजे. तिकडे चुलते, मावशी, मध्यस्थ यांना बोलावणीं गेलेलीं असतात. खर्चाची तजवीज चाललेली असते. मुलाच्या वडिलांनीं चौदाव्या दिवसाची वाट पाहिली तर पत्र साताऱ्यास पोहोंचेपर्यंत माणसें जमलेलीं असावयाचीं. म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशीं मुलाचा मामा कार्ड घालतो. त्याला बहिणीच्या सासूचें सुतक नाहीं. तो नमस्कार लिहूं शकतो. कार्ड कांहींसें असें असावें:

‘रा. रा. … यांसी, कृ. सा. न. वि. वि. कळविण्यास दुःख होतें कीं, आमच्या भगिनीच्या सासूबाई फाल्गुन व॥ ५ रोजीं अल्पशा आजारानें वारल्या. घरची मंडळी दुःखांत असल्यामुळें मी लिहीत आहें. चैत्र शु॥ ५ रोजीं मंडळींचें आपणांकडे येणें होणार नाहीं. आपण तयारी करूं नये. पुढील मजकूर घरून सवडीनें लिहितील. कळावें, हे विनंती.’

या कार्डांत काय आहे यापेक्षां काय नाहीं तें पाहावें. सोयरीक हा शब्द नाहीं, मुलीचा उल्लेख नाहीं, पुढची तारीख नाहीं. कार्ड उघडें असतें, टपालवाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत कोणीही वाचतो. मुलीच्या लग्नाचा मजकूर त्यावर घालणें अनुचित. पण दोन गोष्टी निःसंदिग्ध आहेत: त्या दिवशीं आम्ही येत नाहीं, आणि पुढें घरून पत्र येणार आहे. हें दुसरें वाक्य गाळणें ही या पत्रांतली सर्वांत मोठी चूक. तें नसलें तर साताऱ्याचा बाप पंधरा दिवस एकच विचार करीत बसे, कीं हें लांबणीवर टाकणें आहे कीं नकार आहे?

त्या बापानें काय उत्तर द्यावें, हीही एक परीक्षाच होती. दोन्ही घरांचें नातें अजून जुळलेलें नाहीं. तेव्हां समाचाराला पुण्यास जाणें म्हणजे नात्यावर आगाऊ हक्क सांगणें झालें, आणि अगदींच न लिहिणें म्हणजे कोरडेपणा. मध्यममार्ग म्हणजे दुखवट्याचें चार ओळींचें पत्र, आणि गांवांतच कोणी नातेवाईक असल्यास त्याच्यामार्फत समाचार. दुखवट्याच्या पत्रांत ‘तर मग केव्हां यावयाचें करावें?’ असें विचारणारे उतावळे बाप असत, आणि त्या एका वाक्यानें त्यांनीं आपलें काम बिघडविल्याचेंही ऐकूं येई. प्रत्यक्ष भेटींत तर हा विषय काढण्याची सोयच आपल्या रिवाजानें ठेवलेली नाहीं. समाचाराला आलेला मनुष्य घटकाभर बसतो आणि ‘येतों’ न म्हणतां उठून जातो. घरचेही त्याला ‘या’ म्हणत नाहींत. ज्या घरांत पुन्हां येण्याचा शब्दही उच्चारावयाचा नाहीं, तेथें पुढच्या बैठकीची गोष्ट कशी निघावी?

आतां दुसरें पत्र. तें चैत्र शुद्ध चतुर्थीच्या सुमारास मुलाचे वडील स्वतः लिहितात, आणि तें बंद लिफाफ्यांत जातें. त्याच्या माथ्यावर ‘श्री’ आहे, म्हणजे घर शुद्ध झालें हें वाचणाऱ्याला पहिल्या अक्षरालाच कळतें. मजकूर असा:

‘आपलें दुखवट्याचें पत्र पावलें. मातोश्रींचें वय झालें होतें, त्या भरल्या घरांतून गेल्या. आपणांकडे येण्याचें त्यांच्या कानावर घातलें होतें व त्यांस तें मान्य होतें. चिरंजीवाविषयींचें बोलणें आम्ही सोडलेलें नाहीं. मुलीचें टिपण आमचेकडेच आहे. महिना गेल्यावर अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आम्ही तिघे येऊं असें मनांत आहे. तथापि आपणांस तोंवर थांबणें गैरसोयीचें असेल, अथवा दरम्यान दुसरें योग्य स्थळ आल्यास, आपण निःसंकोच पुढें जावें. आम्हांस त्यांत विषाद वाटणार नाहीं. तसें असल्यास टिपण परत पाठवूं.’

यांतलें एकेक वाक्य कशासाठीं आहे तें सांगतों. आजीला हें बोलणें ठाऊक होतें आणि मान्य होतें, हें वाक्य पायगुणावरचें औषध आहे. गेलेल्या माणसाची संमति एकदां कागदावर आली, कीं तिच्या मृत्यूचा दोष त्या मुलीवर ठेवणें घरांतल्या कोणालाही कठीण जातें. अर्थात् तें खरें असेल तरच लिहावें; खोटें लिहिल्यास घरच्या बायका तें बाहेर काढल्याशिवाय राहत नाहींत. टिपणाचा उल्लेख ही त्या काळची परिभाषा आहे. टिपण जवळ ठेवणें म्हणजे स्थळ हातीं ठेवणें, टिपण परत करणें म्हणजे नकार. पुष्कळ घरीं टिपण कांहीं न लिहितां परत येई आणि मुलीचा बाप समजावयाचें तें समजे. म्हणून ढकलणाऱ्यानें टिपणाचें काय तें स्पष्ट सांगणें भाग असे.

मुदत एक महिन्याची कां? ती प्रतिकूलाच्या यादींतून उसनी घेतली आहे. आजीचा समावेश ‘इतर सपिंडां’त होतो, आणि निश्चय झाला असता तर महिना थांबावें लागलें असतें, निश्चय नसतांही तेवढेंच थांबलें म्हणजे कोणी बोट दाखवूं शकत नाहीं. फाल्गुन वद्य पंचमीपासूनचा महिना चैत्र वद्य पंचमीस संपतो. त्यापुढचा पहिला चांगला दिवस अक्षय्य तृतीया. मात्र बैठकीला महिना पुरला तरी लग्नाच्या वेळीं मुलाच्या वडिलांपुढें दुसरें एक काम असे. आईचीं वर्षभराचीं मासिक श्राद्धें उरलेलीं असतात, आणि घरांत मंगलकार्य यावयाचें असेल तर तीं आधींच ओढून घेऊन पुरीं करावीं लागतात. याला अपकर्ष म्हणतात. वर्षाच्या आंत लग्न लागूं शकतें तें या सोयीमुळें.

पण मुदतीचा विचार नुसत्या दुःखाचा नसतो, पंचांगाचाही असतो. अक्षय्य तृतीयेस बोलणीं झालीं तर आषाढ शुद्ध दशमीपर्यंत सुमारें सव्वादोन महिने हातांत राहतात. एकादशीपासून चातुर्मास लागून कार्तिकापर्यंत मुहूर्त बंद. त्यांतही मुलगा आणि मुलगी दोघेंही आईबापांचीं पहिलीं अपत्यें असतील तर ज्येष्ठ महिना वर्ज्य. म्हणजे बैठक आणखी एक महिना पुढें गेली, तर लग्न सरळ मार्गशीर्षावर जाणार. आणि पुढें सिंहस्थ येत असेल तर वर्षभर आणखी. चैत्रांत पुढें ढकललेला एक महिना मुलीच्या बापाच्या हिशेबीं सहा महिने किंवा दीड वर्ष होऊं शकतो. म्हणून शेवटचें वाक्य, ‘आपण निःसंकोच पुढें जावें’, हें या पत्राचें मर्म आहे. जो आपल्या दुःखासाठीं दुसऱ्याला थांबवितो, त्यानें त्याला मोकळेंही केलें पाहिजे. हें वाक्य मनापासून लिहिलेलें असलें तर मुलीचा बाप बहुधा थांबतोच.

ज्या पत्रांत असें वाक्य नसे, तारीख नसे, टिपणाचा उल्लेख नसे, आणि ‘ईश्वरेच्छा असेल तसें पुढें पाहूं’ एवढेंच असे, तें पत्र म्हणजे नकार समजावा, असें अनुभवी मध्यस्थ सांगत. मृत्यु हें नकाराला सर्वांत सोयीचें निमित्त होतें; त्याच्यावर कोणी वाद घालूं शकत नाहीं. पत्रिका जमत नाहीं म्हणावें तर मुलीचा बाप दुसऱ्या जोश्याला दाखवितो. घरीं दुखवटा आहे म्हटल्यावर तो काय बोलणार? या निमित्ताचा फायदा घेणारीं घरें होतीं, आणि त्यांच्यामुळेंच खऱ्या दुःखांतल्या माणसालाही आपलें म्हणणें इतकें तपशीलवार लिहावें लागे.

थांबण्याच्या काळाला इतकी धास्ती कां होती, हें कळण्यासाठीं मुलींचीं वयें आठवावीं. शारदा कायदा १९२९ सालीं झाला आणि पुढच्या वर्षाच्या एप्रिलपासून अमलांत आला. त्यानें मुलीचें वय निदान चौदा ठरविलें. त्यापूर्वींच्या पिढींत आठ ते अकरा हें लग्नाचें वय. दहा वर्षांच्या मुलीचें स्थळ एका वर्षानें लांबलें कीं घरांत काळजी शिरे. यामुळेंच ‘वर्षाच्या आंत उरका, नाहींतर तीन वर्षें थांबा’ हा लोकरिवाज इतका बळावला असावा, असें मला वाटतें. ग्रंथ म्हणतात बापासाठीं वर्षभर थांबा. लोक म्हणतात बाप गेला आहे, तर वर्षाच्या आंतच कन्यादान करा, त्याचें पुण्य त्याला लागेल. दोन्ही नियम एकाच घरांत नांदत, आणि ज्याला जो सोयीचा तो पुढें करी.

पुरुषाच्या बाबतींत तर थांबण्याची भाषाच फारशी नसे. बायको वारली तर तिला अग्नि देऊन पुन्हां विवाह करावा आणि पुन्हां अग्नि ठेवावा, असें मनुस्मृति सांगते. गृहस्थाश्रम मोकळा राहूं नये ही त्यांतली दृष्टि. न्यायमूर्ति माधवराव रानडे यांचें उदाहरण सर्वश्रुत आहे. १८७३ च्या ऑक्टोबरांत त्यांची पहिली पत्नी सखूबाई वारली. माधवराव एकतीस वर्षांचे, विधवाविवाहाच्या चळवळींतले प्रमुख. इतक्यांत दुसरें लग्न करण्याची त्यांची तयारी नव्हती. पण हा मुलगा आतां एखाद्या विधवेशीं लग्न करील, ही भीति वडील गोविंदराव यांना होती, आणि त्या भीतीपोटीं त्यांनीं दिवस जाऊं दिले नाहींत. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत कुर्लेकरांच्या अकरा वर्षांच्या मुलीशीं लग्न लागलें. त्याच पुढें रमाबाई रानडे. रमाबाईंनीं १९१० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत ही हकीकत आली आहे. माधवरावांनीं मुलीच्या वडिलांपुढें स्वतःच्या अडचणी आणि मतें मांडून त्यांना परावृत्त करण्याचा यत्न केला. पण समोरचा बाप स्थळ सोडण्यास तयार नव्हता. दुःखांतल्या माणसाला थांबावयाचें होतें, आणि थांबूं द्यावयास दोन्हीकडचे वडील राजी नव्हते. दुसऱ्या टोकास धोंडो केशव कर्वे. त्यांची पहिली पत्नी १८९१ सालीं वारली, आणि १८९३ च्या मार्चमध्यें त्यांनीं विधवा असलेल्या गोदूबाईंशीं विवाह केला. त्यांना थांबतां आलें, कारण त्यांच्या लग्नाचा निर्णय त्यांच्या स्वतःच्या हातीं होता.

आतांपर्यंत मृत्यु मुलाच्या घरीं झाला असें धरलें. मुलीच्या घरीं झाला तर सगळाच डाव फिरे. मुलाकडच्यांनीं ढकललें तर मुलीकडचे थांबत. मुलीकडच्यांनीं ढकललें तर मुलाकडच्यांना दुसरीं चार स्थळें तयार असत. म्हणून मुलीकडून जाणारीं पत्रें अधिक दीनवाणीं, आणि मुदतही शक्य तेवढी कमी. त्यांत बापच गेला असला तर पत्र लिहिणारा चुलता किंवा मामा. चुलत्याला दहा दिवसांचें सुतक, मामाला तें नाहीं. त्यामुळें अशा प्रसंगीं मुलीच्या लग्नाचीं सूत्रें पुष्कळदां पहिल्या कार्डाबरोबरच मामाच्या हातीं जात, आणि पुढें चुलता आणि मामा यांच्यांत यावरून बिनसे. मुदत चुलता ठरवावयाचा कीं मामा? खर्च कोण करणार यावर तें ठरे. मुलाकडच्या समंजस माणसानें अशा वेळीं आपण होऊन लिहावें, कीं ‘आपली सवड होईल तेव्हां कळवावें, टिपण आम्ही ठेविलें आहे’. एवढ्या एका ओळीनें त्या घरचा अर्धा भार उतरे, आणि तिला पाव आण्याचें कार्डही पुरे.

या सगळ्या पत्रव्यवहारांत मुलीच्या आईचें नांव कोठेंच येत नाहीं. ती नुकती विधवा झालेली. महिनोन्महिने घराबाहेर पडावयाचें नाहीं, मंगल बोलण्याच्या जागीं बसावयाचें नाहीं. बैठक पुढें ढकलली आणि अखेर ज्या दिवशीं ती भरली, त्या दिवशींही ओटीवर बसून होकार देणारीं माणसें दुसरींच. तिचा होकार असला तर तो आंतल्या दाराआडून, एखाद्या जावेच्या किंवा नणंदेच्या तोंडून बाहेर येई, आणि यादींत त्याची नोंद होत नसे.